तीन गोल

कालनिर्णयच्या पानांवर मी निळ्या पेनानं तीन गोल केले होते. एक 15 ऑगस्टवर, एक 26 ऑगस्टवर आणि एक 14 सप्टेंबरवर. साल 2023. माणूस एकदाच गेला, पण त्याचा दिवस तीनदा यायचा होता.

माझे मालक गेले ते 2022च्या पोळ्याला. तारीख 26 ऑगस्ट, वार शुक्रवार, श्रावणातली अमावस्या. आम्ही कारंजा (घाडगे) तालुक्यातले. पाच एकर कोरडवाहू, त्यात कापूस, सोयाबीन, तुरीचं पाटं, अन् दारात गवळाऊ बैलांची एक जोडी. गवळाऊ म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्याचीच जात. पांढरी, सडपातळ, पायानं चपळ. तिच्या पैदाशीचा सरकारी फार्म आमच्याच तालुक्यात, हेटीकुंडीला आहे. आमच्या घरच्या थोरल्या बैलाचं नाव चांद्या. धाकल्याचं नाव माझ्या पोरानं सिनेमा पाहून बाहुबली ठेवलं होतं. बोलावताना त्याचा बाहू झाला.

आता हे तीन गोल कसे झाले, ते आधी सांगते. बरसी जवळ येते तेव्हा बहुतेक घरांत हाच पहिला घोळ होतो. तिथीचं वर्ष साधारण 354 दिवसांचं आणि इंग्रजी वर्ष 365 दिवसांचं. म्हणून तिथी दरवर्षी तारखेच्या अकराएक दिवस आधी येते. असंच होत राहिलं तर पोळा एखाद्या वर्षी उन्हाळ्यात यायचा. तो येऊ नये म्हणून तीनएक वर्षांनी एक महिना जास्तीचा धरतात. त्यालाच अधिक महिना म्हणतात, आपल्याकडं धोंड्याचा महिना. 2023 साली अधिक महिना नेमका श्रावणच आला. 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण, त्यानंतर खरा श्रावण. म्हणजे श्रावणातल्या अमावस्या दोन.

गावच्या महाराजांनी पंचांग पाहून सांगितलं, "पहिलं वर्षश्राद्ध अधिक महिन्यातच करा लागते, कारण बारा महिने तिथंच पुरे होतात. पुढच्या वर्षीपासून खऱ्या श्रावणात." अमावस्या 15 ऑगस्टला दुपारी लागत होती, म्हणून श्राद्ध त्या दिवशी. तारखेनं दिवस 26 ऑगस्टचा. अन् पोळा खऱ्या श्रावणातला, म्हणून 14 सप्टेंबरला. शास्त्राप्रमाणं मी 15 ऑगस्टला मोकळी होणार होते. तारखेनं अजून अकरा दिवस बाकी. आणि तो सण, ते तोरण, त्या घागरमाळा एक महिन्यानं पुन्हा येणार.

महाराजांचं ऐकून मला वाटलं, एका मरणाचे तीन हप्ते पाडून दिले.

जुलैत मी गोठ्याच्या वळचणीतून विळा काढायला गेले तर हाताला रंगाचा डबा लागला. शिंगं रंगवायचा लाल ऑइल पेंट. अर्धा उरलेला. झाकणावर ब्रश आडवा बांधून ठेवला होता सुतळीनं. ही त्यांची सवय. कोणतीही वस्तू पुढच्या वर्षीसाठी बांधून ठेवायची. मी डबा होता तिथंच परत ठेवला अन् विळा न घेताच घरात आले. तो दिवस मी धरते. तिथून पुढं माझी झोप मोडायला लागली. रात्री दीड-दोनला डोळे उघडायचे ते उघडेच. जेवण गिळायचं नाही. धाकल्याचं, म्हणजे माझ्या दहा वर्षांच्या पोराचं, सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखायचं. पोरगी पंधराची. ती नुसती गप्प झाली. आम्ही तिघंही एकमेकांना काही सांगत नव्हतो, आणि तिघांनाही ठाऊक होतं कशाचे दिवस येत आहेत.

आशाताई घरी आल्या तेव्हा पोराच्या पोटाचं औषध मागितलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, कॅलेंडर पाहिलं. म्हणाल्या, "वहिनी, हे जंत नाही. बाप गेल्याचे दिवस येऊन रायले ना. अंगाले आधी समजते, डोक्याले मागून." बऱ्याच घरांत त्यांनी हे पाहिलं होतं. दिवस येण्याआधीचे दोन-तीन आठवडेच जड जातात, प्रत्यक्ष दिवसाला माणसं असतात, कामं असतात, तो निघून जातो, असं त्यांचं म्हणणं. जाताना दाराच्या मागच्या बाजूनं खडूनं 14416 लिहून गेल्या. हा मनाच्या दुखण्याचा सरकारी फोन, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात. "झोप दोन आठवड्यांवर गेली नाही, नाही तर जीव नको वाटला, तर वाट पाहजो नका," म्हणाल्या.

मी त्या नंबराकडं पाहायची अन् दार लोटून द्यायची.

आता त्या रात्रीचं. ते न सांगता पुढचं समजायचं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलांना ओढ्यावर धुवायचं, खांद्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकायचं. मग त्यांच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. मालकांनी ते केलं. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवली, मठाट्या बांधल्या, झुली टाकल्या. संध्याकाळी मारुतीच्या पारापाशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. पोळा फुटला. ते बैल घेऊन घरी आले, मी पाय धुतले, पुरणपोळी चारली. मग ते जोडी घेऊन घरोघर फिरले, बोजारा घेतला. आठला आले अन् पाटावर बसले. तीन पोळ्या खाल्ल्या दुधासोबत. हात धुवून उठले तर म्हणाले, "छातीत दाटल्यावानी होते."

मी म्हटलं, पुरण जड झालं. ओवा दिला, सोडा दिला. पाठ चोळली. त्यांना घाम फुटला होता. गळ्यापासून बंडी ओली. मी म्हटलं, उकाडा आहे, अमावस्या आहे, बैलांमागं पळाले दिवसभर. त्यांनी डावा हात दोनदा झटकला. मी म्हटलं, कासरा ओढून अवघडला असेल. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं उत्तर होतं. पाऊण तास असाच गेला. मग भासऱ्यांनी गाडी आणली. रस्त्यातच गेले. दवाखान्यात डॉक्टरनं फक्त पाहिलं. मला बाजूला घेऊन विचारलं, घाम आला होता का? मी हो म्हटलं. पुढं ते काही बोलले नाहीत.

नंतर मला कळलं. छातीत दाटणं, त्यासोबत थंड घाम, हात किंवा जबडा भरून येणं, एवढं असलं की ओवा-सोडा करत बसायचं नाही, वेळ पाहायची नाही, गाडी काढायची. हे मी आता गावात ज्याला त्याला सांगते. बचत गटातल्या बायकाही म्हणतात, हिनं चालू केलं पुन्हा. करू दे.

तर माझं दुखणं नुसतं ते गेल्याचं नव्हतं. त्या पाऊण तासाचं होतं. वर्षभर मी घरात पुरण शिजवलं नाही. डाळ शिजल्याचा, गूळ विरघळल्याचा वास आला की मला ओल्या बंडीचा स्पर्श व्हायचा. होळी सुनी गेली, पण ती तशीही जाणारच होती. वर्षभर सण करायचे नसतात, त्यामुळं कुणी विचारलं नाही. माझी लपवणूक रिवाजात खपून गेली.

पण पोळ्याचं वेगळं होतं. आमच्याकडं सणाच्या दिवशी घरात माणूस गेलं तर तो सण त्या घराला बंद होतो. त्याच दिवशी घरात लेकरू जन्माला आलं किंवा गाईला गोऱ्हा-कालवड झाली, तरच तो सुटतो. नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या बंद. आमच्याच गावात दोन घरांची राखी बंद आहे, अन् का बंद आहे हे त्यांना आता नीट सांगताही येत नाही. पोळा बंद होणं शेतकऱ्याच्या घराला किती लागतं, ते शहरात राहणाऱ्यांना कदाचित पटणार नाही. बैल सजणार नाहीत, तोरणाखाली जाणार नाहीत. वर्षभर ओढतात ते, आणि त्यांच्या एका दिवसाला दावणीला बांधलेले राहतील, बाकी गावच्या घागरमाळा ऐकत.

भासऱ्यांनी बैल विकायचं काढलं. वाईट मनानं नाही. "तू बाईमाणूस, लेकरं लहान, ट्रॅक्टर भाड्यानं भेटते. कायले दोन जनावरं पोसतं?" हिशेब खोटा नव्हता. मी म्हटलं, बरसी होऊ द्या.

आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, हिशेब निराळाच चालू होता. आमची गाय डिसेंबरच्या सुरुवातीला फळली होती. गाय नऊ महिने नऊ दिवसांच्या आसपास घेते. आईंनी बोटावर मोजून काढलं होतं की दिवस पोळ्याच्या आगेमागेच भरतात. त्या रोज सकाळी गोठ्यात जाऊन गाईची कास दाबून पाहायच्या, शेपटाच्या मुळाशी हात लावायच्या. व्यायच्या आधी तिथल्या शिरा सैल पडतात, कास ताठते. मला काही बोलल्या नाहीत. पण त्या कशाची वाट पाहताहेत ते मला समजत होतं. त्यांच्या लेकाचा सण त्या वासराकडून सोडवून घेणार होत्या.

धोंड्याच्या महिन्यात माहेरी बहिणीच्या नवऱ्याला धोंड्याचं जेवण होतं. तेहतीस अनारसे, वाण, कपडे. भावानं मलाही बोलावलं. "तू ये, बस नुसती." मी गेले नाही. तेहतीस अनारशांचं ताट मी मागच्या अधिक महिन्यात, 2020 साली, माझ्या आईला मांडताना पाहिलं होतं. तेव्हा पाटावर बसलेला माणूस कोरोनातही नवा शर्ट घालून गेला होता.

15 ऑगस्टला सकाळी पोरं झेंड्याला गेली. दुपारी महाराज आले. पोराच्या हातून तीळ सोडले, पिंड ठेवले. वडे, कढी, तांदळाची खीर. पुरण मी नाही केलं, जाऊबाईनं तिच्या घरून करून आणलं, अन् काही विचारलं नाही. हे तिचं मी विसरायची नाही. पान बाहेर ठेवलं. कावळा लवकर आला. लोक म्हणाले, इच्छा राहिली नाही. मला मनात आलं, तीन पोळ्या खाऊन गेलेल्या माणसाची जेवायची इच्छा कशी राहील? संध्याकाळी लोक गेले. पन्नास-साठ माणसं जेवली होती, भांडी घासून झाली होती. महाराजांच्या हिशेबानं वर्ष संपलं होतं. रात्री मला झोप लागली, पहिल्यांदाच. मला वाटलं सुटले.

दुसऱ्या दिवशी पोराचं पोट पुन्हा दुखलं.

2023चा ऑगस्ट शेतकऱ्याला आठवतो. पाणीच नाही. 1901 पासून नोंदी आहेत, त्यात देशभराचा एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आदल्या वर्षी आम्ही पावसाच्या चिखलातून पोळ्याचा बाजार केला होता, अन् या वर्षी सोयाबीन फुलावर येऊन माना टाकत होतं. एका परीनं ते मला बरं पडलं. आभाळ वेगळं, माती वेगळी. वर्षापूर्वीसारखं काही दिसत नव्हतं. पण 20 तारखेच्या पुढं कारंज्याच्या बाजारात साजाची दुकानं लागली. घुंगरं, बेगड, कासरे, वेसणी. मी खताला गेले होते. त्या दुकानातल्या नव्या सुताच्या वासानं मला उभं राहवेना. पोत्यावर बसले. दुकानदारानं पाणी दिलं, म्हणाला ऊन्ह आहे. मीही म्हटलं, ऊन्ह आहे. मग एकदम लक्षात आलं की मी त्या रात्री असंच म्हटलं होतं.

त्या रात्री मी 14416 लावला. गोठ्यात बसून, आईंना ऐकू जाऊ नये म्हणून. पलीकडच्या बाईनं मराठीतच विचारलं, काय होते. मी ओवा-सोड्याचं सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा, सगळं, मिनिटाचा हिशेब धरून. तिनं "तुमची चूक नाही" असं काही लगेच म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी फोन ठेवला असता. तिनं विचारलं, "त्या वेळी तुम्हाला घामाचं माहीत होतं का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग आज माहीत असलेल्या बाईनं त्या दिवशीच्या बाईचा हिशेब करायचा नाही. तुम्ही पाठ चोळत होत्या ना?" हो, चोळत होते. मग तिनं पुढचं विचारलं. 26 तारखेला सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही कुठं असाल, कोणाजवळ असाल? मी म्हटलं, ठरवलं नाही. "ठरवा. संध्याकाळी सात ते नऊचं आधी ठरवा."

हे माझ्या कामाला आलं. एवढं साधं की सांगायला लाज वाटते.

मी पोरांना बसवलं. बाप गेल्यानंतर त्या विषयावर आम्ही तिघं पहिल्यांदा बसलो. म्हटलं, 26 तारीख येते, शनिवार आहे, काय करायचं? पोरगी म्हणाली, पवनारला जाऊ. ती शाळेच्या सहलीत सेवाग्राम-पवनार करून आली होती. माझं माहेर पवनारच्या बाजूचं. लहानपणी वडील मला धाम नदीवर घेऊन जायचे. विनोबाजी गेले तो 15 नोव्हेंबर 1982 चा दिवस, दिवाळी होती. तिकडच्या घरांत ती दिवाळी अजून सांगतात. पण विनोबांसाठी लोक पवनारला जमतात ते 15 नोव्हेंबरला. तारखेला. दिवाळीला दिवाळीच असते. सेवाग्रामला कस्तुरबांची कुटी आहे. त्या गेल्या 22 फेब्रुवारी 1944 ला, आगाखान पॅलेसात, अन् त्या दिवशी महाशिवरात्र होती. त्यांची पुण्यतिथीही 22 फेब्रुवारीलाच धरतात, महाशिवरात्र आपली निराळी होते, ढग्याला यात्रा भरते. हे मला ठाऊक होतंच. पण ठाऊक असलेली गोष्ट स्वतःच्या घराला लावून पाहायला पोरीनं शिकवलं. ती म्हणाली, "आई, बाबाचा दिवस 26 ऑगस्ट. पोळा चांद्या-बाहूचा." एवढंच बोलली ती त्या महिन्यात.

26 तारखेला आम्ही एसटीनं पवनारला गेलो. धामच्या पात्रात पाणी कमी, खडक उघडे. पोरानं खडकावर बसून डबा खाल्ला. मी भाकरी, ठेचा अन् त्यांच्या आवडीची वांग्याची भाजी नेली होती. परतीची गाडी मुद्दाम संध्याकाळची धरली. सात ते नऊ आम्ही गाडीत होतो. खिडकीशी पोरगा झोपला, पोरगी माझ्या खांद्यावर. सव्वाआठला मी घड्याळ पाहिलं, मग पाऊण तास पाहत राहिले. नऊला कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्यावरून भांडत होता. नऊ वाजून गेले.

त्यानंतरचे एकोणीस दिवस मात्र लांबले. मधे राखी झाली. पाऊस नाहीच. आईंचा हात गाईच्या शेपटाशी. मी मनात ठरवलं होतं, पोळा करायचा. पण आईंसमोर बोलायचं धाडस होत नव्हतं. लेक त्यांचा गेला होता, मी सण मागणारी कोण? आणि पूजेचंही होतंच. तोरणाखालून आलेल्या बैलांचे पाय सवाशिणीनं धुवायचे, कुंकू लावायचं. आमच्या घरात आता दोन बाया, दोघीही बिनकुंकवाच्या.

13 सप्टेंबर, खांदशेकणीचा दिवस. गाय व्याली नव्हती. कास ताठली होती, पण शिरा घट्ट. आई सकाळी गोठ्यातून आल्या, ओट्यावर बसल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मुकं जनावर. त्याले तारीख सांगून व्याले लावता का आपन?" मी गप्प. "पळसाची पानं आन जो." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या म्हणाल्या, "अवं, लेक माझा होता. सन बंद करा का चालू ठेवा, मले इचारा लागन का गावाले?"

मी कसंबसं म्हटलं, "आई, पूजा कोन करन? जाऊबाईले बोलावू का?"

"बैलाले काय समजते बाप्पा, कुंकवाची कोन अन् बिनकुंकवाची कोन? त्याले वैरन कोनं टाकली ते समजते. तू टाकली."

पोरगा वळचणीतून रंगाचा डबा घेऊन आला. झाकण उघडलं तर वर जाड साय धरलेली, चामड्यासारखी. त्याला वाटलं वाळला. मी चाकूनं कडेनं कापून ती साय उचलली, खाली रंग ओलाच होता. थोडं टर्पेंटाइन टाकून ढवळला. सुतळी मी सोडली नाही, पोरानं सोडली. बाहू शिंगाला हात लावू देईना. बाप त्याच्या वशिंडावर हात ठेवून तोंडानं बारीक शीळ घालायचा, तशी पोरानं घातली. कुठं शिकला, कधी शिकला, मला माहीत नाही.

रात्री मी डाळ भिजवली.

पहाटे चूल पेटवली तेव्हा हात कापत होते, हे खरं आहे. पुरण शिजलं, गूळ पडला, तो वास आला अन् ओली बंडीही आली. मी ढवळत राहिले. पुरण ढवळणं थांबवलं की खाली लागतं, म्हणून थांबता येत नाही. पोरगी येऊन शेजारी बसली. पाट्यावर वाटायला तिनं घेतलं. वेलची कमी पडली.

संध्याकाळी एक कासरा भासऱ्यांनी धरला, एक पोरानं. गावात कुजबूज झाली. एक-दोन म्हाताऱ्यांनी भासऱ्यांना विचारलं, तुमचा पोळा बंद ना? भासरे म्हणाले, "बुढीनं सोडवला." लोकांनी मान हलवली. आईंच्या वयापुढं कुणी बोलत नाही. पोळा फुटला. दारात मी तांब्या घेऊन उभी होते. चांद्याचे पाय धुतले, बाहूचे धुतले. आईंनी हळद-कुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. मी कपाळाला लावलं. चांद्यानं पोळीसोबत माझा पदरही चावला, त्याची ती जुनीच खोड.

घरोघर फिरून पोरगा आठच्या सुमाराला आला. बोजाऱ्याचे दोनशे चाळीस रुपये त्यानं आजीच्या हातात ठेवले. पाटावर बसला, अन् पोळी मागितली. त्या वेळी मात्र मला उठून मागच्या दारी जावं लागलं. जाऊबाई होती, तिनं वाढलं. मी परत आले तेव्हा तो दुसरी खात होता. मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. कोरडं होतं. तो म्हणाला, "काऊन, काय झालं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेर मारबत निघाली. दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या पोट्ट्यांनी ओरडत नेऊन शिवेवर टाकल्या. आदल्या वर्षी याच वेळेला आमच्या दारी माणसं जमली होती, अन् ती पोरं आमच्या घरावरून आवाज न करता गेली होती. या वर्षी ओरडत गेली.

गाय 17 तारखेला, रविवारी रात्री व्याली. कालवड झाली, पांढरी. आईंनी तिचं अंग पुसलं, कंदिलाच्या उजेडात खूर पाहिले अन् म्हणाल्या, "तीन दिवस उशिरा आली बाई. बापावर गेली, एसटीच चुकवत होता तो नेहमी."

बैल विकले नाहीत अजून. बाहूचा पुढचा डावा पाय थंडीत लंगडतो. भासरे म्हणतात, ट्रॅक्टर बरा. यंदा पाहू.